सोसायटीच्या उपविधींतून सभासदत्व, गणपूर्ती आणि निवडणुकीचे नियम कसे काढायचे?

आमची सोसायटी मनीषनगरच्या बाजूला, दोन विंग, अठ्ठावीस फ्लॅट. २०२३च्या फेब्रुवारीत मी महिला राखीव जागेवर बिनविरोध निवडून आले आणि पहिल्याच बैठकीत सचिवपद गळ्यात पडलं. आधीच्या सचिवांनी एक कपाट, तीन रजिस्टरं आणि स्पायरल बाइंडिंग केलेली एक झेरॉक्स हातात दिली. म्हणाले, "हे घ्या उपविधी. यात सगळं आहे."

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वार्षिक सभा झाली. हजेरीपटावर १९ सह्या पडल्या. अध्यक्ष काकाजी खूश. "निम्म्याहून जास्त आले, आता करा सुरू." रंगकामाचा ठराव झाला, वर्गणी ठरली. महिनाभरात एका सभासदाचं पत्र आलं की सभेत गणपूर्तीच नव्हती, ठराव मान्य नाही. मी झेरॉक्स घेऊन बसले आणि लक्षात आलं की आमच्यापैकी कोणालाच आकडा माहीत नव्हता. १९ सह्यांपैकी धरण्याजोग्या फक्त १६ निघाल्या. त्या कशा, ते तिसऱ्या पायरीत सांगते.

हा लेख महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या गृहनिर्माण संस्थेच्या नव्या कमिटी सदस्यासाठी आहे. सगळे उपविधी पाठ करायची गरज नाही. तीन गोष्टी बाहेर काढायच्या आणि एका कागदावर मांडायच्या: सभासद कोण, सभेला किती जण लागतात, कमिटी कशी आणि किती काळासाठी निवडली जाते.

आधी हे जमा करा

- संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र
- नोंदणीकृत उपविधींची शिक्क्याची प्रत, आणि नंतर दुरुस्ती झाली असेल तर तिच्या नोंदणीचा आदेश
- सभासद नोंदवही (नमुना आय) आणि सभासदांची यादी (नमुना जे)
- भाग दाखल्यांची स्थळप्रत किंवा भाग नोंदवही
- मागच्या निवडणुकीचा निकाल आणि मागच्या दोन-तीन सर्वसाधारण सभांचं प्रोसिडिंग बुक
- पेन्सिल. पेन नको, कारण पहिल्या वाचनात आपण हमखास चुकतो.

## १. आपण नक्की सोसायटी आहोत का, ते बघा

हे वाचून हसू नका. नागपुरात कितीतरी फ्लॅट स्कीमांच्या गेटवर 'सोसायटी' लिहिलेलं असतं, महिन्याला 'सोसायटीचा मेंटेनन्स' जातो, पण कागदोपत्री ती असते महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० खालची अपार्टमेंट. तिथले उपविधी बिल्डरने दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या घोषणापत्राला जोडलेले असतात, आणि मताचं वजन सहसा प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्क्यावर असतं. सहकारी संस्थेत मात्र एका सभासदाला एकच मत, मग त्याचा फ्लॅट एक बीएचके असो की चार.

नोंदणी प्रमाणपत्र काढा. त्यावर सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयाची सही-शिक्का आणि १९६०च्या अधिनियमाचा उल्लेख असेल, तर पुढे वाचा. घोषणापत्र निघालं, तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

## २. खरी प्रत शोधा

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. माझ्याकडची स्पायरल झेरॉक्स म्हणजे बाजारात मिळणाऱ्या आदर्श उपविधींची छापील पुस्तिका होती. संस्थेच्या नावाची जागा कोरी, भागाच्या रकमेची जागा कोरी, कुठेही शिक्का नाही. आदर्श उपविधी हा सरकारने दिलेला नमुना असतो. तुमच्या संस्थेने तो सर्वसाधारण सभेत स्वीकारला आणि निबंधकाने नोंदवला, तरच तो तुमचा होतो. नोंदणीकृत प्रतीवर संस्थेचं नाव भरलेलं असतं, निबंधक कार्यालयाचा गोल शिक्का असतो आणि नोंदणीची तारीख असते. जुन्या प्रतींत 'उपविधी'ऐवजी 'पोटनियम' हा शब्द दिसेल. गोष्ट एकच.

शिक्क्याची प्रत कपाटात नसेल, तर तुमच्या भागाच्या उपनिबंधक कार्यालयात संस्थेच्या लेटरहेडवर प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. अर्जात नोंदणी क्रमांक आणि वर्ष लिहा, नाहीतर फाइल सापडायला फेऱ्या होतात. उपविधींच्या सोबत 'आजवर नोंदलेल्या सर्व दुरुस्त्या' हे शब्द मुद्दाम घाला. मी पहिल्या अर्जात ते घातले नाहीत, म्हणून मूळ प्रत मिळाली आणि दुरुस्तीसाठी पुन्हा सिव्हिल लाइन्सची वारी करावी लागली, तीही मे महिन्यात.

दुरुस्तीचा सापळा नीट समजून घ्या. प्रोसिडिंग बुकात "नवीन आदर्श उपविधी सर्वानुमते स्वीकारले" असा ठराव सापडतो आणि आपण निर्धास्त होतो. पण उपविधींची दुरुस्ती नुसत्या ठरावाने लागू होत नाही. सभेला हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश बहुमताने ठराव झाल्यावर तो निबंधकाकडे जावा लागतो आणि तिथे नोंदला जावा लागतो. ठराव आहे पण नोंदणीचा आदेश नाही, अशा वेळी जुनी प्रतच लागू धरून चाला आणि राहिलेली नोंदणी कमिटीच्या पुढच्या विषयपत्रिकेवर घ्या. आमच्या नशिबाने आदेश निघाला. २०१४चे आदर्श उपविधी आमच्याकडे रीतसर नोंदले गेले होते.

## ३. सभासद कोण, आणि मोजायचा कोणाला

उपविधींच्या सुरुवातीला व्याख्या असतात. लोक त्या सोडून थेट 'सभा' या प्रकरणावर जातात. तसं करू नका, कारण पुढचे सगळे आकडे व्याख्येवर उभे असतात. सभासद, सहयोगी सभासद, नाममात्र सभासद आणि थकबाकीदार, या चार व्याख्या हाताने उतरवून काढा. मोबाइलवर फोटो काढून भागत नाही. उतरवताना 'आणि', 'किंवा', 'लेखी संमतीने' हे शब्द डोळ्यांत भरतात, फोटोत नाही भरत.

मग आय नोंदवही उघडा आणि तिची फ्लॅटच्या यादीशी गाठ घाला. आमचं असं झालं:

फ्लॅट २८. पण दोघांकडे प्रत्येकी दोन फ्लॅट, म्हणून सभासद २६. एक फ्लॅट मे महिन्यात विकला गेला होता. घेणारे राहायला आले होते, मेंटेनन्सही भरत होते, पण हस्तांतरणाचा अर्ज कमिटीसमोर यायचा होता. तोवर नोंदवहीत विकणाऱ्याचंच नाव, म्हणजे संख्येत फरक नाही, पण सभेत बसलेले नवे गृहस्थ मात्र अजून सभासद नाहीत. सात फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर, तिथे सभासदत्व एकच. भाग दाखल्यावर पहिलं नाव ज्याचं, तो हजर असेल तर मत त्याचं. तो नसेल तर दुसऱ्या नावाचं.

आता हजेरीपटावरच्या त्या १९ सह्या. त्यांतले दोघे होते मुलगे. वडील पुण्याला, मुलाच्या हातात अधिकारपत्र. आमच्या उपविधीत स्वच्छ लिहिलंय की प्रतिनिधी, कुलमुखत्यार किंवा अधिकारपत्रधारक यांना सभासदाच्या वतीने सर्वसाधारण सभेला बसता येत नाही. म्हणजे दोन गेले. एका फ्लॅटचे काका आणि काकू दोघांनी सह्या केल्या होत्या, सभासदत्व एक, म्हणजे आणखी एक गेला. उरले १६.

सहयोगी सभासदाच्या बाबतीत जरा थांबा. २०१४च्या प्रतीत सहयोगी सभासद ही व्याख्या सैल आहे, त्यात संयुक्त मालकही येतात. २०१९ साली अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी प्रकरण १३-ब जोडलं गेलं. त्यात संयुक्त सभासद वेगळा आणि सहयोगी वेगळा केला आहे. सहयोगी म्हणजे ठरावीक जवळचे नातेवाईक, सभासदाच्या लेखी शिफारशीवरून घेतलेले. वारसाचा प्रश्न सुटेपर्यंत नामनिर्देशनावरून घेतला जाणारा 'तात्पुरता सभासद' ही नवी जातही त्यातच आली. तुमच्या प्रतीत हे शब्द नसतील, तर त्याचा अर्थ ते लागू नाहीत असा नाही. उपविधी अधिनियमाच्या विरुद्ध जात असतील, तिथे अधिनियम चालतो. म्हणून माझ्या कागदावर प्रत्येक नियमासमोर दोन रकाने आहेत: 'आपल्या उपविधीत' आणि 'अधिनियमात आज'.

थकबाकीदाराची व्याख्या उतरवताना एकच गोष्ट बघा: तीन महिने कुठून मोजायचे? बिलाच्या तारखेपासून, भरायच्या शेवटच्या तारखेपासून की लेखी नोटीस मिळाल्यापासून? निवडणुकीच्या वेळी याच एका ओळीवर भांडणं होतात. तुमच्या प्रतीतलं वाक्य अवतरणचिन्हांत जसंच्या तसं लिहून ठेवा, स्वतःच्या शब्दांत लिहू नका.

## ४. गणपूर्तीचा आकडा काढा

लोक 'कोरम' म्हणतात, उपविधीत 'गणपूर्ती' सापडेल. ती दोन ठिकाणी असते, सर्वसाधारण सभेची वेगळी आणि कमिटीच्या बैठकीची वेगळी. कलमांचे क्रमांक प्रतीप्रतीत बदलतात, म्हणून क्रमांक शोधू नका, शब्द शोधा.

आमच्या प्रतीत सर्वसाधारण सभेसाठी 'एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी असेल ती' असं आहे. "वीस लोक जमले की झालं न भाऊ" हे वाक्य नागपुरात जिथेतिथे ऐकू येतं, ते याच ओळीच्या अर्ध्या वाचनातून. वीसचा आकडा ३० किंवा जास्त सभासदांना लागतो, कारण तीसचे दोन-तृतीयांश बरोबर वीस. त्याखाली दोन-तृतीयांश कमी भरतात, तेव्हा दोन-तृतीयांशाचाच आकडा धरायचा.

आमचे सभासद २६. दोन-तृतीयांश १७.३३. माणूस अपूर्णांकात येत नाही आणि १७ जण दोन-तृतीयांशापेक्षा कमी पडतात, म्हणून १८. फ्लॅट मोजले असते तर २८ चे १८.६७, म्हणजे १९ आले असते. काकाजींच्या हिशेबाने निम्मे म्हणजे १३ किंवा १४. एकाच सभेसाठी तीन आकडे फिरत होते आणि हजर होते १६. पत्र लिहिणारे गृहस्थ बरोबर होते.

मग सभा गेली का? नाही. गणपूर्ती झाली नाही तर काय, हेही उपविधीतच असतं आणि ते गणपूर्तीच्या पुढच्याच कलमात असूनही कोणी वाचत नाही. आमच्याकडे असं आहे: ठरलेल्या वेळेपासून अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही, तर सभा तहकूब करायची. तहकूब सभा त्याच दिवशी उशिरा घेता येते, किंवा ७ दिवसांनंतर आणि ३० दिवसांच्या आत. त्या तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेवरचं कामकाज गणपूर्ती नसली तरी चालतं. म्हणजे काकाजींनी साडेदहाची सभा अकराला तहकूब करून साडेअकराला पुन्हा सुरू केली असती आणि इतिवृत्तात तशा वेळा लिहिल्या असत्या, तर तेच १६ जण तोच ठराव करू शकले असते. आम्ही पुढच्या महिन्यात नवी सूचना काढून सभा घेतली, साडेदहाला मोजणी केली, तहकुबी लिहिली, आणि ठराव पुन्हा घेतला. रंग मात्र दोन महिने उशिरा लागला.

सभासदांनी मागणी करून बोलावलेल्या विशेष सभेला तहकुबीचा हाच नियम लागतो का, हे तुमच्या प्रतीत स्वतंत्र तपासा. दोन्ही सभांना एकच माप लावू नका.

याच पानावर सूचनेची मुदत सापडेल. आमच्याकडे वार्षिक सभेला १४ 'पूर्ण' दिवस, विशेष सभेला ५. 'पूर्ण' म्हणजे सूचना दिल्याचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस सोडून. सभा रविवारी २८ सप्टेंबरला असेल, तर १४ ते २७ हे चौदा दिवस मोकळे हवेत, म्हणजे १३ तारखेपर्यंत सूचना सगळ्यांच्या हातात पडली पाहिजे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. त्यामुळे गणपतीच्या गडबडीत सूचना राहून गेली, तर पळापळ ठरलेली.

आता कमिटीची गणपूर्ती. आमच्या प्रतीत सभासद-संख्येनुसार तक्ता आहे. १०० सभासदांपर्यंत ११ जागा: सर्वसाधारण ६, महिला २, अनुसूचित जाती-जमाती १, इतर मागास वर्ग १, विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग मिळून १. गणपूर्ती ६. छोट्या सोसायटीत राखीव जागांना उमेदवारच मिळत नाहीत. आमचे निवडून आले ७. दोन जण बाहेरगावी गेले की पाच उरतात आणि बैठक अडते.

रिकाम्या जागा गणपूर्तीत धरायच्या का, या प्रश्नावर उपविधीतला तक्ता एकटा वाचून निर्णय घेऊ नका. प्रकरण १३-बमधली समितीविषयीची तरतूद शेजारी ठेवा आणि उपनिबंधक कार्यालयाला लेखी प्रश्न विचारा. उत्तर येईपर्यंत आम्ही सहाच्या खाली एकही बैठक घेतली नाही. तीन बैठका रद्द झाल्या, पण एकाही ठरावावर बोट ठेवता आलं नाही.

## ५. निवडणुकीचे नियम: तीन तारखा आणि एक संख्या

निवडणुकीचा भाग उपविधीत लांबलचक दिसतो, पण नव्या सदस्याला त्यातून थोडंच हवं असतं.

आधी मुदत. अधिनियमाप्रमाणे कमिटीची मुदत निवडणुकीच्या तारखेपासून पाच वर्षं आहे. जुन्या पोटनियमांत तीन वर्षं असू शकतात, तिथे 'अधिनियमात आज' हा रकाना कामाला येतो. आमची निवडणूक १६ फेब्रुवारी २०२३ची, म्हणजे शेवटचा दिवस १५ फेब्रुवारी २०२८. मध्ये अध्यक्ष बदलले, सचिव बदलले किंवा रिकाम्या जागेवर कोणी आलं, तरी घड्याळ पुन्हा सुरू होत नाही. नवा माणूस उरलेल्या काळासाठीच येतो. "मी तर आत्ता दोन वर्षांपूर्वी आलो" हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल.

मग संख्या. २५० किंवा त्याहून कमी सभासदांच्या गृहनिर्माण संस्थेला स्वतःची निवडणूक स्वतः घेता येते. त्याची रीत निवडणूक नियमांत (२०१४चे नियम, गृहनिर्माण संस्थांसाठी नंतर जोडलेला भाग) दिलेली आहे. त्याहून मोठी संस्था असेल तर राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाची यंत्रणा निवडणूक घेते. नोंदणीकृत उपविधी २०१९च्या आधीचे असतील, तर त्यांत हा फरक दिसणार नाही. तेव्हा उपविधीतलं निवडणुकीचं परिशिष्ट वाचून थेट कार्यक्रम जाहीर करू नका. आधी आजच्या नियमांशी ताडून बघा.

उरलेल्या दोन तारखा उलट्या मोजून काढा: निवडणुकीची तयारी सुरू करायची तारीख, आणि मतदार यादी ज्या दिवसाच्या नोंदवहीवरून करायची तो दिवस. तयारी मुदत संपायच्या सहा महिने आधी सुरू करा. आमच्यासाठी ती ऑगस्ट २०२७. त्या वेळी आय नोंदवही अद्ययावत नसेल, तर यादीवर हरकती येतात आणि सगळं पुढे सरकतं. हस्तांतरणाचे पडलेले अर्ज त्याआधी निकाली काढा. आमच्या उपविधीप्रमाणे सभासदत्वाच्या अर्जावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. अर्ज दाबून ठेवून मतदार यादी आपल्या सोयीची करण्याचा प्रकार मी एका शेजारच्या स्कीममध्ये पाहिला आहे. तिथे प्रकरण उपनिबंधकाकडे गेलं आणि कमिटीला तारखांवर तारखा घालाव्या लागल्या.

उमेदवाराची पात्रता उतरवताना थकबाकीदाराची ती अवतरणचिन्हांतली ओळ परत इथे लिहा. तीन महिन्यांहून जुनी थकबाकी असलेला माणूस कमिटीवर येऊ शकत नाही. निवडून आल्यावर थकवली, तरी तो अपात्र ठरू शकतो. हे नव्या सदस्याने स्वतःच्या बिलापासून तपासावं. मी तपासलं तेव्हा पार्किंगचे चारशे रुपये माझ्याच नावावर निघाले.

## ६. कागद तयार करा

एका कागदाच्या दोन बाजू पुरतात. प्रत्येक नियमाला एक ओळ: नियम, आपल्या उपविधीतला कलम क्रमांक आणि पान, अधिनियमात आज, आपल्या संस्थेचा प्रत्यक्ष आकडा. आमच्या कागदावरची एक ओळ, कलम-पान आणि अधिनियमाचे रकाने वगळून, अशी आहे:

"सर्वसाधारण सभा, गणपूर्ती | दोन-तृतीयांश किंवा २०, कमी ते | सभासद २६ (आय नोंदवही, दिनांकासह) | १८ | तहकूब: अर्धा तास."

सभासदसंख्येच्या शेजारी दिनांक लिहायला विसरू नका. दोन फ्लॅटवाल्यांपैकी एकाने गेल्या वर्षी एक फ्लॅट विकला आणि आमचे सभासद २७ झाले. सत्तावीसचे दोन-तृतीयांश अठराच, म्हणून आकडा हलला नाही. पण आणखी एक वाढला की १८.६७ होतात आणि मग १९ लागतील.

कागदाची एक प्रत प्रोसिडिंग बुकाच्या पहिल्या पानाला चिकटवली आहे, दुसरी हजेरीपटाच्या फाइलीत. सभेच्या दिवशी दारात बसणाऱ्या मुलाला मी एवढंच सांगते: सही घेताना भाग दाखल्यावरचं पहिलं नाव आहे का ते बघ, नसेल तर वेगळ्या पानावर घे.